कोरडा सांडवा

माझं काम बघून कुणी माझी पाठ थोपटल्याचा प्रसंग आयुष्यात एकदाच आला, आणि ज्या कामासाठी ती थोपटली गेली त्याच कामानं एक आख्खा तलाव फुटायला आला होता. त्यामुळे आजही कुणी स्तुती करायला लागलं, की मी आधी पायाखालची जमीन ओली आहे का ते बघतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. बेळगावहून इंजिनियरिंगची पदवी घेऊन मी बंगळूरला आलो होतो आणि इंदिरानगरातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या छोट्या सल्लागार कचेरीत चिकटलो होतो. कचेरीत साहेब, एक टायपिस्ट आणि मी. साहेब धारवाडचे, जन्म सगळा धरणांवर गेलेला, निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून कचेरी काढलेली. माझ्याशी ते मराठीत बोलत, पण सूर कानडी. रागावले की वाक्य आणखी लांबत जायचं, आणि त्याच्या टोकाला मी असायचो.

आमच्याकडे सर्जापूर रोडपलीकडच्या एका तलावाच्या दुरुस्तीचं काम होतं. तेव्हा त्या बाजूला नाचणीची शेतं, निलगिरी आणि वीटभट्ट्या होत्या. आज तिथे ज्या इमारती आहेत त्यांत राहणाऱ्यांना सांगून खरं वाटणार नाही. तलावाला लांबलचक मातीचा बांध, आणि त्याच्या एका टोकाला जास्तीचं पाणी सोडायला बांधलेला दगडी सांडवा. म्हणायला सांडवा, दिसायला एक बुटकं दगडी धरणच. गावात त्याला ‘कोडी’ म्हणत. सांडव्याच्या पायथ्याशी, पाणी पडून जमीन उखडू नये म्हणून, काँक्रीटची फरशी. आणि त्या फरशीत ओळीनं सोडलेली भोकं.

ही भोकं म्हणजेच माझी गोष्ट.

सांडव्याच्या एका बाजूला तलावाचं पाणी, दुसऱ्या बाजूला काही नाही. पाणी काही तिथे शहाण्यासारखं उभं राहत नाही. ते पायाखाली शिरतं, खालच्या वाळूतून हळूहळू पाझरत पलीकडे जातं आणि डोकं वर काढायला जागा शोधतं. ती जागा आपण आपल्या सोयीनं द्यायची असते. म्हणून फरशीला भोकं ठेवायची आणि खाली खडी-वाळूचे थर घालायचे, म्हणजे पाणी वर येतं आणि माती खालीच राहते. हे मला परीक्षेत आलं होतं. मी आकृतीसकट लिहिलं होतं. मार्कही पडले होते.

आता माझी करामत. काम संपत आलं, साहेब मुलीच्या लग्नासाठी धारवाडला गेलेले, आणि तपासणीला खात्यातले एक मोठे अधिकारी येणार असा निरोप आला. मी सांडव्यावर जाऊन पाहतो तो फरशीवर प्रत्येक भोकातून पाणी झिरपतंय, शेवाळ धरलंय, कडेला एक बेडूक संसार थाटून बसलाय. मला लाज वाटली. एवढं काम केलं आणि धरण गळतंय!

आमचा ठेकेदार शेजारी उभा होता. त्याला सगळे अण्णा म्हणत. मी म्हणालो, “अण्णा, ये अच्छा नहीं दिखता.”

अण्णानं माझ्याकडे, मग बेडकाकडे पाहिलं. “बंद कर दूँ सार? एक दिन का काम है. बढ़िया दिखेगा.”

“कर दो.”

त्यानं चिकट सिमेंट ठासून भोकं बुजवली, वरून घोटून गुळगुळीत केली. अधिकारी आले. बुटाच्या टाचेनं फरशी ठोकून पाहिली. “ड्राय! एकदम ड्राय!” म्हणाले आणि माझी पाठ थोपटली. तीच ती थाप. मी इंदिरानगरला परत येईपर्यंत स्कूटर जमिनीला लागत नव्हती.

साहेब परत आले. मी सांगितलं, “सर, सांडवा पूर्ण कोरडा आहे.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “पाणी किती आहे तलावात?”

“अर्ध्याला.”

“अर्ध्याला असताना कोरडा असणारच की. भरल्यावर सांग.” त्यांना वाटलं मी पाण्याच्या पातळीबद्दल बोलतोय. भोकांबद्दल त्यांनी विचारलं नाही, कारण भोकं बुजवणारा इंजिनियर त्यांच्या कल्पनेतही येत नव्हता. मीही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही!

सांडव्याच्या खाली, बांधाला लागून, एका बाईचं घर आणि फुलांची शेती होती. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठा कुटुंब. नवरा गेलेला, मुली लग्न होऊन दूर. ती एकटी अबोलीचे वाफे सांभाळायची आणि फुलांची टोपली घेऊन पहाटेच्या बसनं चिकपेटकडच्या बाजाराला जायची. सगळे तिला अक्का म्हणत, मीही. घर बसकं, मातीच्या भिंती, वर कौलं. तेवढं घर आणि तेवढं शेत, याखेरीज तिचं जगात काही नव्हतं. तिची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि कानडीनं मुरलेली.

“या इंजिनेर, स्वल्प कॉफी घेऊन जा,” ती म्हणायची. मी स्वल्प म्हणून बसायचो आणि दोन पेले पिऊन उठायचो.

पावसाळ्यात तलाव चढू लागला, तेव्हा एक दिवस ती मला हाताला धरूनच शेतात घेऊन गेली. घराच्या कोपऱ्यापाशी, बांधापासून पलीकडच्या अंगाला, तिनं नारळाच्या रोपासाठी खड्डा खणून ठेवला होता. वरची चिकणमाती फोडून खालची वाळू लागेपर्यंत खणलेला. त्या खड्ड्यात एक झरा फुटला होता. पाणी काचेसारखं निवळ. तळाशी वाळूचे कण उकळत्या भातासारखे नाचत होते. अक्कानं कडेला हळदकुंकू वाहून दोन अबोलीची फुलं ठेवली होती.

“गंगा आली दारी,” ती म्हणाली. “तुमचा हात लागला धरणाला म्हणून आली. आता वाफ्यांना पाणी ओढायला नको.”

मी नम्रपणे मान खाली घातली. हेही श्रेय मीच घेतलं.

त्या झऱ्याची एक गंमत होती. रात्रभरात त्याच्या तोंडाभोवती बारीक वाळूचा एक छोटा डोंगर साचायचा, वारुळासारखा, मध्ये भोक. अक्का सकाळी तो उपसून टोपलीत भरायची. भांडी घासायला, अंगणात पसरायला, शेजारणींना द्यायला. मग तिनं भिंतींना गिलावा करायला घेतला, तर त्यालाही तीच वाळू. मला विचारलं, “चालेल ना हो?”

मी कचेरीतली चाळणी आणून ती वाळू चाळून पाहिली. शप्पथ सांगतो, चाळून पाहिली. सगळे कण एकसारखे, धुतलेले, चिखलाचा अंश नाही. “फर्स्ट क्लास आहे अक्का,” मी म्हणालो. “विकत घ्यायला जाल तर असली मिळणार नाही.”

ही वाळू कुठून येते, हा प्रश्न मला पडला नाही. वास्तविक ती येत होती माझ्याच सांडव्याखालून. पाण्याला फरशीतून वर यायची वाट मी बंद केली होती. मग दाब साचत साचत पुढे सरकला आणि चिकणमातीचं झाकण जिथे फोडलेलं होतं तिथे, म्हणजे नारळाच्या खड्ड्यात, बाहेर पडला. तिथे खडीचा थर नव्हता, त्यामुळे पाणी कण घेऊन वर येऊ लागलं. आणि एकदा का कण निघायला लागले, की तिथे पोकळी होते. पाणी त्या पोकळीकडे आणखी जोरानं धावतं, मागचे कण सुटतात, पोकळी मागे सरकते. भोक बाहेरच्या टोकाला सुरू होतं आणि उलट्या दिशेनं तलावाकडे खात खात जातं. वर चिकणमातीचं छत असलं तर बरंच, बोगदा ढासळतही नाही. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? एक झरा, आणि हळदकुंकू.

धरण टोपलीटोपलीनं अक्काच्या अंगणात राहायला येत होतं, आणि मी त्याला प्रशस्तिपत्र देत होतो.

पुढचे काही आठवडे असे गेले. पाऊस पडत होता, तलाव चढत होता, झरा वाढत होता. झऱ्याचं तोंड आता घमेल्याएवढं झालं होतं. सांडव्याची फरशी मात्र खडखडीत. मी दर वेळी तिच्यावरून चालून यायचो. एकदा मला चालताना पायाखाली आवाज पोकळ वाटला. मी पुन्हा पाय आपटला. पुन्हा तसाच. मग मी बूट बदलले.

तलाव काठोकाठ भरला की त्या भागात पूजा होते. पाण्यात बागिन सोडतात, म्हणजे सुपात वाण ठेवून, वर दुसरं सूप झाकून, ते तलावाला अर्पण करायचं. बायका नटून येतात, पुढारी येतात, माइक येतो, बांधावर गर्दी मावत नाही. पाणी सांडव्याच्या माथ्याला वीतभर कमी होतं त्या सकाळी पूजा ठरली. साहेबांनाही आमंत्रण होतं. मी लवकर पोचलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण सत्कार होण्याची शक्यता होती.

बांधावर मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर. बायकांच्या हातांत सुपं. मी अक्काला शोधत खाली उतरलो, तर ती झऱ्याजवळ उभी, नवं लुगडं नेसलेली, पण चेहरा उतरलेला.

“इंजिनेर, गंगेला काय झालं बघा हो.”

पाणी चहासारखं झालं होतं. जोर वाढला होता आणि रंग लाल, बांधाच्या मातीचा. आणि मधूनच ते थांबायचं, खोकल्यासारखं, आणि पुन्हा उसळायचं.

तेव्हा मला परीक्षेतली ती आकृती आठवली. पूर्ण, बाणांसकट. वर पाहिलं तर बांध माणसांनी गच्च भरलेला, आणि मी आणि अक्का त्याच्या पायथ्याशी, तिच्या घराच्या भिंतीला टेकून.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो ते मला माहीत होतं. मी ते केलं नाही. मी ओरडलो, “अण्णा! माती आणा! बुजवा!”

अण्णाचे लोक मंडपाच्या कामाला आलेलेच होते. त्यांनी चिकणमातीची पोती आणि दगड आणून झऱ्यावर टाकले, वरून तुडवलं. पाणी बंद झालं. वरून बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसला आणि, खोटं कशाला बोलू, हात हलवून त्यांना प्रतिसादही दिला.

टाळ्या थांबल्या नाहीत तोच बांध आणि झरा यांच्या मध्ये जमीन फुगली. अगदी पुरीसारखी. मग फुटली. आणि पहिल्यापेक्षा लाल, पहिल्यापेक्षा जाड पाणी बाहेर आलं. बांधाच्या आणखी जवळ.

“कोणी बुजवलं?” मागून आवाज आला. साहेब. कोट, हातात छत्री, बुटांना चिखल.

“मी, सर.”

“आणि वर फरशीची भोकं? आता बघून आलो, एक दिसत नाही.”

“ती पण मीच, सर.”

साहेब एरवी लांबलचक रागावायचे. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “नंतर.” आणि तो शब्द मला सगळ्यांत भीतिदायक वाटला.

ते छत्रीनं एक एक दाखवत गेले. “ही माती काढ. पाणी अडवायचं नाही, पाण्याला जाऊ द्यायचं, माती ठेवून घ्यायची. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं कर, कमरेएवढं. आत पाणी चढू दे, म्हणजे खालचा जोर कमी होईल. मग आत आधी जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी. हाच क्रम. अण्णा, चार माणसं पहारी घेऊन सांडव्यावर, सगळी भोकं फोडायची. आणि तलावाची मोरी उघडा, पूर्ण.”

“सर, वर माणसं आहेत,” मी म्हणालो. “पळा म्हणून सांगू?”

“सांग, आणि चेंगराचेंगरीत मार सगळ्यांना.” ते बांध चढून गेले, पुजाऱ्याच्या हातातला माइक घेतला आणि शांतपणे कानडीत म्हणाले, “ऊटा रेडी इदे.” जेवण तयार आहे, देवळाच्या पटांगणात पानं मांडलीत, पहिल्या पंगतीला उशीर करू नका.

बांध रिकामा व्हायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात मी कुठलीही गर्दी पांगलेली पाहिलेली नाही. सुपं घेऊन बायका, पुढारी, पुजारी, सगळे पलीकडच्या टेकाडावरच्या देवळाकडे. जेवण अर्थातच तयार नव्हतं. आचाऱ्यानं साहेबांच्या नावानं काय काय म्हटलं ते मला नंतर कळलं, ते इथे लिहिता येणार नाही.

सांडव्यावर पहिली पहार घुसली आणि फरशीतून पाणी गुडघाभर उडालं. दुसरी, तिसरी. साहेबांनी ओंजळीत धरून पाहिलं. निवळ. “खालची खडी शाबूत आहे,” ते म्हणाले. “तेवढं तुझ्या हातातून सुटलं म्हणून.” एकेक भोक उघडत गेलं तसा खालचा झरा दम लागल्यासारखा मंदावला. पण पाणी अजून लालच होतं.

मोरीचं, म्हणजे बांधाच्या तळातून शेतीला पाणी सोडायच्या दाराचं, काम मात्र अडलं. तलाव झपाट्यानं उतरवायचा तर मोरी पूर्ण उघडायला हवी, आणि तिचा कालवा अक्काच्या शेतातून जायचा. कालवा अरुंद झालेला, दोन्ही काठांवरची अबोली त्याच्या पोटात घुसलेली. पूर्ण पाणी सोडलं तर सगळे वाफे जाणार. अण्णा मोरीपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी साहेबांकडे, आणि साहेब अक्काकडे.

“बाई,” साहेब म्हणाले, “मोरी उघडली तर शेत जाईल. नाही उघडली आणि बांध गेला, तर शेतही जाईल, घरही जाईल, खालची वस्तीही जाईल. तुम्हाला विचारायचं म्हणून विचारतो. उघडणार तर आहेच.”

अक्कानं पदर खोचला. “मग विचारता कशाला? सरी, बरं, उघडा.” आणि माझ्याकडे वळून, “तुम्ही काय बघत उभे? पोती धरा.”

मी पोती धरली. इस्त्रीचा शर्ट, सत्काराचा. आम्ही कडं रचलं, वाळू टाकली, खडी टाकली. मागे मोरीतून पाणी सुटल्याचा आवाज आला आणि ते वाफ्यांवर पसरलं. बहराला आलेली अबोली आधी वाकली, मग दिसेनाशी झाली. अक्का तिकडे पाठ करून खडीच्या टोपल्या देत होती. दुपार कलली तेव्हा कड्यातून वाहणारं पाणी फिकं व्हायला लागलं. साहेबांनी अक्काच्या घरातून एक काचेचा पेला मागवला आणि तो भरून उन्हाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना, ओतून टाकला. मग पुन्हा भरला. संध्याकाळी त्यातून पलीकडचं घर दिसलं.

घर उभं होतं. शेत नव्हतं. अक्काला आम्ही देवळाजवळ एका शेजारणीकडे पाठवलं, आणि तलाव रिकामा होईपर्यंत बांधावर पहारा ठेवला. मला साहेबांचं ते ‘नंतर’ मिळालं. ते पुरं दोन जेवणांमधलं अंतर चाललं आणि त्यात मला माझ्या पदवीबद्दल जे कळलं ते विद्यापीठानं कधी सांगितलं नव्हतं.

तलाव उतरल्यावर आम्ही झऱ्यापासून सांडव्याकडे खणत गेलो. आणि तो सापडला. चिकणमातीच्या छताखाली, गुळगुळीत, वाकडातिकडा बोगदा. कोणी हातानं लिंपून केल्यासारखा. अक्काच्या खड्ड्यापासून निघून, तिच्या घराच्या कोपऱ्याखालून, बांधाच्या पोटात शिरलेला आणि तिथून सांडव्याच्या पायाकडे वळलेला.

अक्का बघायला आली. खड्ड्यात उतरली, गुडघ्यावर बसली आणि हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला. तिनं तो बाहेर काढला, बोटांवरची ओली माती पाहिली.

“पलीकडे पोचायला किती राहिलं होतं?”

मी दोन्ही हात पसरून दाखवले. साहेब माझ्याकडे बघत होते. मी हात जवळ आणले. ते अजून बघत होते. मी आणखी जवळ आणले. आता माझ्या हातांमध्ये एखादं मूल धरता आलं असतं, एवढंच.

अक्का माझ्या हातांकडे बघत राहिली. मग वर आली, घराला एक फेरी मारली, ज्या कोपऱ्याखालून बोगदा गेला होता तिथे उभी राहून टाचेनं जमीन दाबून पाहिली. आणि शिडी आणून भिंतीला लावली.

“काय करताय अक्का?”

“उतरवते. कौलं, वासे, दार. देवळाजवळ जागा देतात म्हणे. घर तिकडे नेते. शेत इथेच राहील, शेताला काय, परत लावता येतं.”

मी घाईनं सांगू लागलो, की हे सगळं खणून, चिकणमाती ठासून भरून, सांडव्याखाली आडवी भिंत घालून, खडीचे थर नीट देऊन आम्ही पक्कं करणार आहोत, साहेब स्वतः उभे राहणार आहेत, नंतर काडीची भीती नाही. आणि जोरात म्हणालो, “मी सही करून देतो, अक्का. हवं तर आत्ता देतो.”

ती शिडीवर चढली होती. तिनं पहिलं कौल सोडवलं आणि माझ्या दिशेनं खाली केलं.

“सही राहू द्या हो,” ती म्हणाली. “कौल धरा.”